रझाकारांची कृत्ये कोणाच्या खात्यावर? : थ्रेड

१/
सहस्रकुंडाच्या धबधब्यापाशी पैनगंगेच्या काठी उभे राहिले, की एका बाजूस किनवट तालुक्यातील इस्लापूरचा परिसर आणि दुसऱ्या बाजूस उमरखेडचा मुलूख. आज ही नांदेड आणि यवतमाळ या दोन जिल्ह्यांची हद्द. १९४८ मध्ये मात्र दक्षिण तीरावर निजामाचे हैदराबाद संस्थान होते आणि उत्तर तीरावर भारतीय संघराज्याचा कारभार. नदी ओलांडणाऱ्या माणसाबरोबर एक प्रश्नही नदी ओलांडत होता : या काठावर कोणी घर जाळले, तर त्याचा जाब कोणत्या सरकारला विचारावयाचा?

२/
इस्लापूर तेव्हा नांदेड जिल्ह्यात नव्हते. ते आदिलाबाद जिल्ह्यातील बोथ तालुक्याचे एक सर्कल होते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत ते किनवट आणि राजुरा तालुक्यांसह मुंबई राज्यात आले. समोरच्या वऱ्हाडाची गोष्ट याहून विचित्र. १९३६ च्या करारानुसार वऱ्हाडावरील निजामाचे सार्वभौमत्व कागदोपत्री मान्य होते, कारभार मात्र मध्य प्रांताबरोबर चाले. हद्दी अशा धूसर असल्या, की जबाबदारी झटकणे सोपे जाते.

३/
मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामावर बोलताना दोन वाक्ये सर्रास ऐकू येतात. पहिले : "रझाकार ही खाजगी संघटना होती, निजाम बिचारा हतबल होता." दुसरे : "रझाकारांनी अत्याचार केले, म्हणून पोलीस कारवाई आपोआपच कायदेशीर ठरते." दोन्ही वाक्ये चुकीची आहेत. पहिले निजामाला सोडून देते, दुसरे कायद्यालाच सोडून देते. आणि दोन्ही वाक्ये मानणारे बहुधा एकमेकांचे कट्टर विरोधक असतात, हे विशेष.

४/
प्रथम कायद्याची चौकट. आंतरराष्ट्रीय कायद्यात राज्यावर जबाबदारी येण्यासाठी दोन गोष्टी लागतात. कृत्य त्या राज्याचे म्हणून धरता आले पाहिजे, आणि त्या कृत्याने त्या राज्याचे एखादे बंधन मोडलेले असले पाहिजे. पहिल्या गोष्टीला येथे 'आरोपण' म्हणू. राज्य ही अमूर्त वस्तू आहे, ती स्वतः बंदूक चालवत नाही. तिच्या वतीने माणसेच वागतात. प्रश्न एवढाच, की कोणत्या माणसांचे वागणे राज्याचे वागणे मानावयाचे.

५/
या विषयावरील नियम संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगाने २००१ मध्ये सूत्रबद्ध केले. परंतु २००१ चे नियम १९४८ ला लावणे हा कालविपर्यास होईल. म्हणून या लेखात निवाडे १९४८ पूर्वीचेच घेतले आहेत, जे तेव्हाच्या वकिलांना आणि मुत्सद्द्यांना उपलब्ध होते. त्यांतील दोन अमेरिका आणि मेक्सिको यांच्या संयुक्त दावे आयोगाने १९२६ मध्ये दिले, आणि दोन्ही मराठवाड्याला चपखल बसतात.

६/
पहिला, यूमन्स खटला. १८८० मध्ये मेक्सिकोतील अंगांगेओ या खाणीच्या गावी मजुरीच्या वादातून जमाव भडकला आणि त्याने एका घरात अडकलेल्या तीन अमेरिकनांना वेढले. दंगा शमवण्यासाठी एका लेफ्टनंटच्या हाताखाली सैनिक पाठवले गेले. त्या सैनिकांनी जमाव पांगवण्याऐवजी त्या घरावरच गोळ्या झाडल्या. तिघेही मारले गेले, कोणी सैनिकांकडून, कोणी जमावाकडून.

७/
मेक्सिकोचा बचाव असा : सैनिकांनी आज्ञेबाहेर वर्तन केले, त्याला राज्य कसे जबाबदार? आयोगाने तो फेटाळला. सैनिक कर्तव्यावर होते आणि आपल्या अधिकाऱ्याच्या हाताखाली होते. अशा वेळी आज्ञाभंगाची सबब राज्याला वाचवत नाही. ती मान्य केली, तर कोणत्याच सैनिकाचे कोणतेच दुष्कृत्य राज्याला कधीच लागू होणार नाही, कारण दुष्कृत्य करण्याची आज्ञा लेखी कोणी देत नसते.

८/
दुसरा, जेन्स खटला. १९१८ मध्ये एका खाणीच्या अमेरिकन अधीक्षकाचा अनेकांच्या देखत खून झाला. मारेकरी एक बडतर्फ कामगार, म्हणजे पूर्णपणे खाजगी माणूस. स्थानिक अधिकाऱ्यांनी पाठलागात ढिलाई केली आणि तो कधीच पकडला गेला नाही. आयोगाने म्हटले : खून मेक्सिकोने केलेला नाही, परंतु खुन्याला शासन करण्याचे कर्तव्य मेक्सिकोचे होते. ते चुकले, ही राज्याची स्वतःची चूक, आणि भरपाई त्या चुकीची.

९/
हा फरक नीट लक्षात ठेवावा, कारण वाद येथेच घसरतो. एक दार आहे 'कृत्यच राज्याचे' असे म्हणण्याचे. दुसरे दार आहे 'कृत्य खाजगी, पण ते रोखण्यात आणि शिक्षा करण्यात राज्य चुकले' असे म्हणण्याचे. पहिले दार बंद झाले म्हणून राज्य सुटत नाही. "रझाकार खाजगी होते" हे वाक्य फार तर पहिल्या दाराला कडी लावते, दुसरे उघडेच राहते.

१०/
आता हैदराबादकडे. रझाकार हे इत्तेहादुल मुसलमीन या पक्षाचे स्वयंसेवक दल. नेता कासिम रझवी, लातूरचा वकील. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी दिल्लीस निघालेल्या निजामाच्या शिष्टमंडळातील छत्तारीचे नवाब आणि वॉल्टर माँक्टन यांच्या निवासस्थानांना जमावाने वेढा घातला आणि त्यांचे प्रस्थान रोखले. निजामाचेच दूत, निजामाच्याच राजधानीत. त्यानंतर छत्तारींच्या जागी इत्तेहादला अनुकूल असलेले मीर लायक अली पंतप्रधान झाले.

११/
येथे 'हतबल निजाम' म्हणणारा वाचक उसळून म्हणेल, की पाहा, खुद्द पंतप्रधानाला घरात कोंडले गेले! हा आक्षेप त्या एका रात्रीपुरता खरा आहे. त्या रात्री रझाकार राज्याविरुद्ध वागत होते, राज्याच्या वतीने नव्हे. पण कायदा पुढचे विचारतो : दुसऱ्या दिवशी राज्याने काय केले? रझवीला अटक झाली नाही, संघटनेवर बंदी आली नाही, उलट तिला अनुकूल माणसे सत्तेवर आली. हतबलता काही दिवसांची असू शकते. ती अकरा महिने टिकली आणि तिच्यातून सरकार बनले, तर तिला धोरण म्हणतात.

१२/
त्यानंतरचा काळ मराठवाड्यातील घराघरांत अजून सांगितला जातो. गावांवर चालून आलेल्या टोळ्यांत रझाकार असत, आणि अनेक ठिकाणी त्यांच्या सोबतीला संस्थानचे पोलीसही असत. जेथे पोलीस सोबत होते, तेथे यूमन्सचे दार उघडते : जमाव आणि गणवेश एकाच बाजूला उभे राहिले, की कृत्य राज्याचे. जेथे पोलीस नव्हते पण तक्रार होऊनही कोणी पकडले गेले नाही, तेथे जेन्सचे दार. गावोगावचा पुरावा तपासताना विचारण्याचा प्रश्न हाच : त्या दिवशी गणवेशातील कोण हजर होते, आणि नंतर कोणावर खटला झाला?

१३/
२१ ऑगस्ट १९४८ च्या रात्री हैदराबादेत 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांचा खून झाला. ते मुसलमान होते आणि भारतात विलीन व्हावे असे लिहीत होते. त्याच तारखेला हैदराबाद सरकारने भारताविरुद्ध संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार धाडली. आपण सार्वभौम राज्य आहोत असे जगाला सांगणाऱ्या सरकारने सार्वभौमत्वाची दुसरी बाजूही पेलावयास हवी होती. जो राज्य म्हणवतो, त्याला आपल्या राजधानीतील खुनाचा जाब द्यावाच लागतो.

१४/
शरणागतीनंतर निजामाने नभोवाणीवरून सांगितले, की रझवीच्या गटाने आपल्याला निरुपाय करून सोडले होते. हे कबुलीजबाब म्हणून वाचले तर फार मोलाचे, बचाव म्हणून वाचले तर निरुपयोगी. राज्याच्या प्रमुखावर कोणाचा दबाव होता, ही राज्याची अंतर्गत बाब. बाहेरच्या जगापुढे आणि जळालेल्या घरापुढे राज्य एकच असते. म्हणून पहिल्या वाक्याचा निकाल असा : रझाकारांचा हिशेब निजामाच्या सरकारच्या खात्यावर जातो, काही कृत्ये थेट, बाकीची कर्तव्यच्युतीच्या रकान्यात.

१५/
आता दुसरे वाक्य. समोरच्याने बंधन मोडले, तर आपण काय करू शकतो? कायदा 'प्रत्युपाय' मान्य करतो : एरवी बेकायदा ठरले असते असे पाऊल, समोरच्याला वठणीवर आणण्यापुरते. याच्या मर्यादा १९२८ च्या नौलिला निवाड्यात स्पष्ट झाल्या. १९१४ मध्ये आफ्रिकेतील अंगोलाच्या सीमेवर एका चकमकीत तीन जर्मन मारले गेले. जर्मन फौजेने प्रत्युत्तरादाखल पोर्तुगीज ठाण्यांवर हल्ले केले. लवादाने जर्मनीला दोषी धरले : मूळ प्रसंग गैरसमजातून घडलेला, त्यात बंधनभंगच नव्हता, आधी निवारणाची मागणी केलेली नव्हती, आणि प्रत्युत्तर प्रमाणाबाहेर होते.

१६/
म्हणजे तीन पायऱ्या : खरा बंधनभंग, आधी मागणी, आणि प्रमाण. या पायऱ्यांवरून भारताला चालवून पाहू. २९ नोव्हेंबर १९४७ चा 'जैसे थे करार' हे दोघांमधील बंधन, मुदत एक वर्षाची. हैदराबादने पाकिस्तानला २० कोटी रुपयांचे कर्ज भारत सरकारच्या रोख्यांच्या रूपात दिले आणि संस्थानात भारतीय चलनाच्या व्यवहारावर निर्बंध घातले. भारताच्या मते हा करारभंग होता, आणि हा युक्तिवाद पोकळ नव्हता. पहिली पायरी भारत चढतो. रझाकारांना आवरा ही मागणीही वारंवार झाली, म्हणजे दुसरीही.

१७/
मग आली आर्थिक नाकेबंदी. मीठ, औषधे, पाणी शुद्ध करण्याचे क्लोरीन अडवले जात असल्याची तक्रार हैदराबादने केली. भारत सरकारने अशी नाकेबंदी अधिकृत असल्याचे नाकारले. येथे कायद्याचा पेच पाहा. प्रत्युपाय हा उघड बोलून करावयाचा असतो, 'तुम्ही हे थांबवा, मग आम्ही हे थांबवू' असे सांगून. जे पाऊल आपण उचललेच नाही असे आपण म्हणतो, त्याचे समर्थन प्रत्युपाय म्हणून करता येत नाही. आणि औषध व क्लोरीन अडले, तर त्याचा फटका रझवीला नव्हे, पटकीच्या साथीतील गरीब माणसाला बसतो, मग तो हिंदू असो वा मुसलमान.

१८/
करारातच एक वाट होती. चौथ्या कलमानुसार वाद उपस्थित झाल्यास प्रत्येक बाजूने एक लवाद नेमावयाचा आणि त्या दोघांनी मिळून एक पंच निवडावयाचा. हा लवाद कधी बसलाच नाही. हैदराबादने त्याची मागणी केली ती स्वतःचे हात स्वच्छ होते म्हणून नव्हे, वेळ काढणे तिला सोयीचे होते म्हणूनही असेल. पण कलम अस्तित्वात होते आणि ते न वापरता पुढे जाणाऱ्याची बाजू कायद्यात तेवढी दुबळी होते.

१९/
१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य हैदराबादेत शिरले, १७ ला निजामाने शस्त्रसंधी जाहीर केली. या मोहिमेला 'पोलीस कारवाई' म्हटले गेले. रणगाडे आणि विमाने वापरणाऱ्या मोहिमेला पोलीस का म्हणावे? कारण पोलीस आपल्याच घरात जातात. भारताचे सुरक्षा परिषदेतील मुख्य म्हणणे तेच होते : हैदराबाद हे राज्यच नव्हे, तेव्हा परिषदेने यात पडण्याचे कारण नाही. भारताने सैन्यकारवाईचे समर्थन 'प्रत्युपाय' म्हणून केलेच नाही, आणि ते शहाणपणाचे होते. सनदेनंतरच्या कायद्यात दुसऱ्या राज्याविरुद्ध बळाचा वापर हा प्रत्युपाय होऊ शकत नाही, चूक कितीही मोठी असो.

२०/
म्हणून 'रझाकारांनी अत्याचार केले, सबब कारवाई कायदेशीर' असे म्हणणाऱ्याने आधी ठरवावे. हैदराबाद राज्य होते, तर रझाकारांचे आरोपण जमते, पण त्यातून सैन्य घुसवण्याचा अधिकार निघत नाही. त्यासाठी स्वसंरक्षणासारखा निराळा आधार सिद्ध करावा लागेल. हैदराबाद राज्य नव्हते, तर आक्रमणाचा प्रश्न मिटतो, पण मग रझाकारांखाली होरपळणारी आणि कारवाईनंतर होरपळलेली माणसे भारताचीच ठरतात, आणि त्यांच्या रक्षणाची जबाबदारी कमी न होता वाढते. दोन्ही मतांतील सोयीचे तुकडे उचलून तिसरे मत बनवता येत नाही.

२१/
पुन्हा पैनगंगेवर. उत्तर तीरावरील उमरखेड परिसरात आणि एकूणच सीमेवर स्टेट काँग्रेसची सशस्त्र केंद्रे होती. तेथून कार्यकर्ते संस्थानात शिरून करोडगिरी नाकी, पोलीस ठाणी लक्ष्य करीत. जानेवारी १९४८ मध्ये उमरीची हैदराबाद स्टेट बँक लुटली गेली, ती लढ्याच्या खर्चासाठी. ही कृत्ये भारताची का? केंद्रे चालवणारी कृती समिती भारत सरकारचे अंग नव्हती, तेव्हा पहिले दार सहसा बंद. पण दुसरे? १८७२ च्या अलाबामा निवाड्यात ब्रिटनला मोठी भरपाई द्यावी लागली, कारण आपल्या बंदरांत बंडखोर दक्षिणेसाठी युद्धनौका तयार होत असताना तिने पुरेशी दक्षता घेतली नाही.

२२/
तोच गज इकडे लावला, तर भारताला सांगावे लागते की आपल्या भूमीवरील केंद्रे आपल्याला माहीत होती आणि ती आपण चालू दिली. हे मान्य केल्याने त्या कार्यकर्त्यांचा लढा हलका होत नाही. जुलमी राजवटीविरुद्ध हाती शस्त्र घेणाऱ्याचे नैतिक समर्थन एक, आणि त्याला आसरा देणाऱ्या राज्याची कायदेशीर जबाबदारी दुसरी. मुक्तिसंग्रामाचा अभिमान एवढा ठिसूळ नाही, की एका प्रामाणिक नोंदीने तो फुटावा.

२३/
आणि शेवटी ती नोंद, जी दीर्घकाळ कपाटात राहिली. कारवाईनंतर पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांचा गट संस्थानात फिरला. सप्टेंबरमध्ये आणि त्यानंतर मुसलमानांवर झालेल्या हिंसेत किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली, असा त्यांचा अंदाज. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा आणि बीदर यांच्या जोडीने नांदेडचे नाव आहे. काही ठिकाणी लष्कर आणि पोलिसांतील लोक लूट आणि हत्यांत सामील झाल्याचे त्या अहवालात आहे, आणि अनेक ठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी जीव धोक्यात घालून मुसलमानांना वाचवल्याचेही.

२४/
अंगांगेओचे सैनिक आठवावेत. दंगा शमवण्यासाठी पाठवलेला गणवेशधारी जमावात मिसळला, तर 'त्याला तशी आज्ञा नव्हती' हे उत्तर चालत नाही. रझाकारांसोबत गेलेल्या निजामाच्या पोलिसाला हा नियम लागतो, तसाच जमावात मिसळलेल्या भारतीय शिपायालाही. जेन्सचा नियमही लागतो : किती मारेकऱ्यांवर खटले उभे राहिले, किती विधवांना भरपाई मिळाली?

२५/
मराठवाडा १७ सप्टेंबरला मुक्तिदिन साजरा करतो, आणि तो करण्यासारखाच दिवस आहे. ज्या राजवटीने आपल्या प्रजेवर टोळ्या सोडल्या, ती गेली. परंतु ती का गेली पाहिजे होती, याचे उत्तर ज्या नियमातून येते, तो नियम १८ सप्टेंबरला रद्द झाला नाही. जो फक्त रझाकारांची कृत्ये मोजतो आणि जो फक्त नंतरची प्रेते मोजतो, ते दोघेही एकच तराजू अर्धा वापरतात. इस्लापूरच्या काठावरून पाहिले तर पैनगंगेला दोन तीर आहेत, आणि तिच्या पुराची पातळी दोन्ही तीरांवर एकाच पट्टीने मोजावी लागते.

— थ्रेड समाप्त —